सेल्फीवरून कार्टून चेहरा: तयार ॲप, एआय की हाताने गिरवणं?

ताईच्या लग्नाला 25 वर्षं झाली, तेव्हा हॉलच्या दारात घरातल्या 11 जणांच्या कार्टून चेहऱ्यांचा एक फलक लावायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. अट एकच होती: खाली नावं लिहायची नाहीत, येणाऱ्याने चेहऱ्यावरूनच ओळखायचं. नाव लिहायची सोय असती तर पहिल्याच संध्याकाळी एखाद्या ॲपवर काम उरकलं असतं. ती नव्हती म्हणून मी तिन्ही मार्गांनी जाऊन आलो. तुम्हाला डीपीसाठी, पत्रिकेसाठी किंवा घरच्यांच्या स्टिकरसाठी असा चेहरा हवा असेल आणि तो ‘छान’ असण्यापेक्षा ‘तोच’ असणं महत्त्वाचं असेल, तर माझा अनुभव कामी येईल.

मोजमापाचं साधन म्हणून माझ्याकडे माझी सहा वर्षांची पुतणी चिऊ होती. तयार झालेलं चित्र मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करायचं, तिच्यासमोर धरायचं आणि विचारायचं, “हे कोण?” लगेच नाव आलं तर पास. “काकासारखं दिसतंय” हे उत्तर मी नापास धरलं. ‘सारखं’ हा शब्द आला की काहीतरी हरवलंय असं समजावं.

तीन मार्गांकडे जाण्याआधी फोटोबद्दल बोललं पाहिजे, कारण माझे पहिले दोन दिवस तिथेच गेले. हात लांब करून काढलेला सेल्फी या कामाला चालत नाही. कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असला की पुढे आलेला भाग मोठा होतो आणि मागचा लहान. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2018 साली हिशोब मांडून दाखवलं होतं की 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. कान उलट मागे जातात, अर्धे झाकले जातात. आमच्या मामांचे कान चांगले बाहेर आलेले आहेत. त्यांना ओळखायची निम्मी खूण तीच, पण त्यांनी पाठवलेल्या सेल्फीत ते कान जवळजवळ नव्हतेच. असा फोटो दिला की कुठलंही साधन इमानेइतबारे ते मोठं नाक आणि ते लपलेले कानच उतरवणार. म्हणून फोन दीड मीटरवर टेकवून ठेवा, टायमर लावा, झूम दोनपट करा आणि खिडकी एका बाजूला येईल असे बसा. दात दाखवून हसू नका. गाल वर चढतात, डोळे बारीक होतात आणि ठेवण बदलते. पुढच्या कॅमेऱ्याने फोटो आरशासारखा उलटा साठवलाय का, तेही एकदा तपासा. भांग आणि तीळ चुकीच्या बाजूला गेले तर घरच्यांना काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही.

तयार भाग जोडून

बिटमोजी, मेमोजी, व्हॉट्सॲपचा अवतार या जातीची साधनं सगळ्यांनी हाताळलेली असतात, त्यामुळे ती कशी चालतात ते सांगत बसत नाही. यादीतून केस, डोळे, नाक, ओठ निवडायचे आणि जोडायचे. मी वापरलेल्या ॲपमध्ये नाकांचे पुष्कळ प्रकार होते, मिशाही भरपूर होत्या. मामांना साधारण जमतील असे सगळे भाग मिळाले. पण चित्र पूर्ण झालं तेव्हा ते मिशी आणि चष्मा असलेल्या कोणाही गृहस्थाचं होतं.

याचं कारण आपल्याकडच्या एका साध्या शब्दात आहे. मूल कोणावर गेलंय हे बघताना आजी “नाक बापाचं” असं म्हणते खरी, पण शेवटी म्हणते, “ठेवण आजोबांची आहे.” नाक-डोळे म्हणजे चेहऱ्यातले भाग, ठेवण म्हणजे ते कुठे, किती अंतरावर, कोणत्या कोनात बसलेत ते. ओळख पटते ती मुख्यतः ठेवणीवरून. मी वापरलेल्या ॲपमध्ये भागांची निवड अफाट होती, पण भाग हलवता येत नव्हते. मामांच्या भिवया डोळ्यांवर अगदी टेकलेल्या आहेत आणि नाक ते ओठ हे अंतर जास्त आहे. या दोन गोष्टी तिथे मांडायची सोयच नव्हती.

गंमत म्हणजे या बाबतीत जुनं साधन जास्त शहाणं होतं. 2006 साली निन्टेन्डोच्या ‘वी’ या खेळयंत्रासोबत ‘मी’ या नावाचे अवतार आले. त्यांचे भाग अगदी साधे, डोळा म्हणजे जवळजवळ एक ठिपका. पण डोळे वर-खाली सरकवता येत, जवळ-लांब करता येत, तिरपे करता येत. त्या ठिपक्यांतून लोकांनी ओळखू येणारे चेहरे केले, कारण ठेवण हातात होती. तेव्हा तुम्ही या जातीचं ॲप निवडणार असाल तर त्यात केशरचना किती आहेत हे बघू नका. डोळ्यांमधलं अंतर आणि भिवयांची उंची बदलता येते का, एवढंच बघा. येत नसेल तर वेळ घालवू नका.

एक मात्र मान्य केलं पाहिजे. या मार्गाने एकदा चेहरा तयार झाला की हसणारा, रडणारा, चहा पिणारा असे शेकडो स्टिकर आपोआप मिळतात. ते बाकीच्या दोन मार्गांत इतक्या सहज मिळत नाही.

एआयने

इथे मला खरी आशा होती. फोटोवरून चित्र बनवणाऱ्या साधनांत ठेवण मुळातच फोटोतून येते, त्यामुळे पहिला अडसर राहत नाही. फोनवरच्या एका ॲपपासून सुरुवात केली. चित्रं देखणी आली, पण 11 पैकी 11 जण उजळ झाले. आई सावळी आहे. चित्रातली बाई गव्हाळही नव्हती, गोरी होती. हनुवट्या निमुळत्या, त्वचा गुळगुळीत, आणि साठीच्या पुढचे सगळे चाळिशीत. बाबा ते चित्र बघून काही बोलले नाहीत, आईने मात्र “ही कोण?” असं विचारलं. तिथे ते ॲप बंद केलं.

मग घरच्या संगणकावर स्टेबल डिफ्यूजन वापरलं, कारण तिथे सूत्रं आपल्या हातात राहतात. फोटो देऊन त्यावरून चित्र करवताना एक आकडा ठरवावा लागतो. पडद्यावर तो `denoising strength` या नावाने दिसतो आणि 0 ते 1 मध्ये असतो. फोटोवर किती धूळ उडवायची आणि मग ती पुसत नवं चित्र किती रेखाटू द्यायचं, हे तो ठरवतो. मामांचा एकच फोटो घेऊन मी तो आकडा वाढवत नेला. 0.35 ला फोटोच राहिला, वर तेलकट लेप दिल्यासारखा. 0.5 ला कार्टून झालं आणि मामाही बऱ्यापैकी राहिले. 0.65 ला कार्टून फारच सुंदर झालं, पण ते मामा नव्हते. तुमच्याकडचं मॉडेल वेगळं असेल तर आकडे थोडे सरकतील. चढण मात्र हीच राहते. शैली हवी तर आकडा वाढवायचा आणि माणूस हवा तर कमी करायचा.

आता मूळ अडचण. लहानपणी सायकलवरून पडल्यामुळे मामांच्या डाव्या भिवईत खोक पडलेली आहे. शेवटच्या तिसऱ्या भागात एक बारीक फट, तिथे केस उगवत नाहीत. घरातल्या कोणालाही मामा म्हटले की ती भिवई आठवते. 0.5 च्या प्रत्येक चित्रात ती भिवई बरी झालेली होती, अखंड आणि दाट.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. धूळ उडवली की आधी बारीक तपशील बुडतो, मोठे आकार शेवटपर्यंत तग धरतात. डोक्याचा घेर, डोळ्यांची जागा राहते. तीळ, खोक, पापणीची घडी जाते. मग यंत्र बुडालेली जागा भरतं, ते त्याने पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून. त्या चेहऱ्यांत भिवई अखंड असते. शिवाय हे यंत्र चित्र थेट पिक्सेलमध्ये हाताळत नाही. ते आधी आक्रसून लांबी-रुंदीला आठव्या हिश्शाचं करतं, म्हणजे 512 पिक्सेलचा फोटो आत 64 घरांचा होतो. फोटोत चेहराच लहान असेल आणि खोक तीन पिक्सेलची असेल, तर तिने अर्धं घरही भरत नाही. यावर एक सोपा उपाय आहे आणि तो मी सगळ्यांना सांगतो: फोटो असा कापा की कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्यानेच चौकट भरली पाहिजे. एवढ्याने बाबांच्या गालावरचा तीळ परत आला. मामांची खोक नाही आली.

पुढे चेहऱ्याची ओळख वेगळी काढून देणारी जोड वापरून पाहिली. 2024 मध्ये आलेलं इन्स्टंटआयडी हे त्यातलं गाजलेलं नाव. चेहरा ओळखणारं एक वेगळं मॉडेल फोटोवरून आकड्यांची एक माळ काढतं आणि चित्र काढताना ती माळ वापरली जाते. शैली कितीही बदला, माणूस सुटत नाही, हा तिचा खरा गुण. पण ओळखणारं मॉडेल शिकवलेलंच असतं असं की माणसाने दाढी ठेवली, चष्मा काढला, केस कापले तरी तो ओळखता यावा. म्हणजे या गोष्टींकडे शक्यतो दुर्लक्ष करण्याचंच ते शिकलेलं असतं. कार्टूनमध्ये मात्र आपल्याला नेमक्या याच गोष्टी हव्या असतात. त्या जोडीने केलेल्या चित्राबद्दल चिऊ म्हणाली, “हा मामाआजोबांचा भाऊ आहे का?” ओळख घराण्यापर्यंत पोचली, माणसापर्यंत नाही.

शेवटी फक्त भिवईचा भाग निवडून तेवढाच पुन्हा काढवला. नवी भिवई आली, ती पुन्हा अखंड. शब्दांत लिहून सांगितलं, तर फट उजव्या भिवईत आली. एकदा फट जागेवर आली, तेव्हा डोळ्याची वरची रेघ बदलली आणि नजर दुसरीच झाली. मी त्या एका भिवईवर सव्वादोन तास घालवले. माझा निर्णय इथे झाला. चित्र वाईट होतं म्हणून नव्हे. एक गोष्ट दुरुस्त करायला गेलं की जी जमली होती ती दुसरी हलायची, म्हणून. खोक अखेर मीच पेनने, त्वचेच्या रंगाची तिरकी रेघ मारून काढली. त्याला अर्धं मिनिट लागलं. ते अर्धं मिनिट डोक्यात राहिलं.

गिरवून

मला चित्रकला येते असं नाही. शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, तेवढंच. म्हणून हाताने काढायचा विचार मी आधी केलाच नव्हता. पण गिरवणं म्हणजे चित्र काढणं नव्हे. पाटीवर अक्षर गिरवतो तसं फोटोवर गिरवायचं असतं. ठेवण फोटो सांभाळतो, आपण फक्त कुठली रेघ ठेवायची आणि कुठली सोडायची हे ठरवतो.

मी क्रिटा वापरलं. ते फुकट आहे. फोनवर करायचं असेल तर इबिसपेंटही चालतं. सगळ्यात खाली फोटो 40 टक्के पारदर्शकतेवर ठेवायचा, त्यावर रंगांचा एक लेयर, त्यावर रेघांचा. चष्मा, मिशी आणि केस यांचे लेयर मी वेगळे ठेवले. सुरुवात भिवयांपासून करा. एमआयटीतले पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली नामवंतांच्या फोटोंतून कधी डोळे, तर कधी भिवया पुसून लोकांना ओळखायला लावले, तेव्हा भिवया पुसलेले चेहरे ओळखणं जास्त जड गेलं. मला हे वाचून पटलं नव्हतं, मामांच्या बाबतीत पटलं. भिवया, मग वरच्या पापणीची रेघ, मग दोन ओठांमधली रेघ. एवढ्या तीन गोष्टी झाल्या की फोटो क्षणभर लपवून बघायचा. माणूस इथेच दिसायला लागला पाहिजे. दिसत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण केस आणि रंग चढवून तो दिसू लागणार नाही.

कुठली रेघ सोडायची, हे मी चुका करत शिकलो. नाकाच्या दोन्ही बाजूंना रेघ मारली की नाक चिकटवल्यासारखं दिसतं. नाकपुड्यांची सावली आणि सावलीकडची एकच बाजू पुरे. दातांमधल्या फटी काढल्या तर माणूस दहा वर्षांनी म्हातारा होतो, म्हणून दात एकच पांढरी पट्टी. नाकापासून तोंडाच्या कोपऱ्याकडे येणारी घडी पूर्ण काढली तर वय वाढतं आणि गाळली तर कमी होतं. आईच्या चित्रात मी ती वरून अर्धीच ओढली आणि खाली विरू दिली. त्वचेचा रंग फोटोतूनच उचलायचा, पण कपाळावरच्या चमकणाऱ्या जागेवरून नाही. खिडकीकडच्या गालावर, चमक आणि सावली यांच्या मधल्या पट्ट्यातून. आईचा सावळा रंग असा उचलला तेव्हा तो बरोबर लागला आणि तिने पुन्हा “ही कोण?” असं विचारलं नाही.

गिरवून झालं तरी चित्र थोडं निर्जीव वाटतं, कारण ते फोटोइतकंच सरळ असतं. इथे व्यंगचित्रकारांची युक्ती कामी येते. 1985 साली सुसान ब्रेनन यांनी संगणकावर व्यंगचित्र काढण्याची रीत मांडली. तिचं तत्त्व असं की चेहरा सरासरी चेहऱ्याच्या शेजारी ठेवा, जिथे फरक असेल तो थोडा वाढवा, बाकीला हात लावू नका. मी हे अंदाजाने केलं. मामांचे कान क्रिटाच्या `Transform` साधनातल्या `Liquify` ने थोडे बाहेर ओढले, मूळ रुंदीच्या साधारण दहाव्या हिश्शाने. नाक ते ओठ हे अंतर तसूभर वाढवलं. भिवईतली फट दुप्पट रुंद केली, म्हणजे चित्र लहान झालं तरी ती बुजणार नाही. एवढंच. चौथा बदल केला आणि लगेच मागे घेतला. टिंगल केल्यासारखं वाटू लागलं होतं. माझ्या मते दोन-तीन फरकांच्या पुढे जाऊ नये, आणि ज्या गोष्टीचं त्या माणसाला वाईट वाटत असेल तिला मुळीच हात लावू नये.

काम तपासायला क्रिटात `M` दाबा. चित्र आरशासारखं उलटं दिसतं आणि इतका वेळ नजरेतून सुटलेला वाकडेपणा लगेच कळतो. मामांचा जबडा एका बाजूला फुगलेला होता, तो मला असाच सापडला.

वेळेचं खरं सांगतो. पहिल्या चेहऱ्याला तीन तास लागले आणि तो बाद झाला. मामा तिसरे होते, त्यांना दोन तास. शेवटचे चार चेहरे पाऊण-पाऊण तासात झाले. सगळं मिळून दोन आठवडे, रोज रात्री जेवणानंतर. एआयने हेच एका रविवारी झालं असतं, हे मला मान्य आहे. ते चित्र अनोळखी माणसाला दाखवायचं असतं तर मी तिथेच थांबलो असतो, कारण अनोळखी माणसाला भिवई माहीत नसते. एखाद्या चेहऱ्यावर ठळक खूण नसेल, केस आणि चष्मा हीच ओळख असेल, तर चेहऱ्याने चौकट भरलेला फोटो आणि 0.5 च्या आसपासचा आकडा यावर काम भागेल असं वाटतं. आमच्या भाऊजींचं भागलं. रोज वापरायचे स्टिकर हवे असतील तर तयार भागांचं ॲपच सोयीचं, फक्त अंतरं बदलता येणारं निवडा. पण ज्यांचा चेहरा आपण वर्षानुवर्षं बघत आलोय आणि ज्यांचं चित्र त्यांना तितकंच ओळखणारी माणसं बघणार आहेत, त्यांच्यासाठी मी पुन्हा गिरवायलाच बसेन. चिऊने 11 पैकी 10 चेहरे लगेच ओळखले. अकरावा तिचा स्वतःचा होता, त्यावर ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, “दात पडायच्या आधीची मी.”

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मामांचा फोन आला. त्यांनी चष्म्याची फ्रेम बदलली होती, काळी जाऊन तपकिरी गोल आली होती, आणि त्यांना फलकावर नवाच चष्मा हवा होता. चष्म्याचा लेयर वेगळा होता. तो पुसला, नवा काढला, चार मिनिटं लागली. भिवई, नजर, कान, सगळं जिथल्या तिथे राहिलं.